संधी सोडवण्याची वर्कशीट : नियम पाठ असूनही उत्तर चुकते तेव्हा

चाळिशी उलटल्यावर मी हौसेने संस्कृतच्या प्राथमिक परीक्षेला बसलो, तेव्हा संधीचे सगळे नियम मला तोंडपाठ होते. दीर्घ, गुण, वृद्धी, यण्, विसर्ग असा सगळा तक्ता मी न अडखळता म्हणून दाखवत असे. तरीही संधी सोडवण्याच्या पहिल्या वर्कशीटवर माझ्या ‘सत्याग्रह = सति + आग्रह’ या उत्तरावर लाल रेघ आली. बाजूला बाईंनी एवढेच लिहिले होते : ‘सति म्हणजे काय?’ मला उत्तर देता आले नाही, कारण मी शब्द वाचलाच नव्हता. मी फक्त ‘त्या’मधला जोडाक्षरातला य पाहिला होता आणि यणादेशाचा नियम चालवून मोकळा झालो होतो.

संधी करणे हे एका दिशेचे काम आहे. दोन शब्द दिलेले असतात, नियम लावला की उत्तर मिळते आणि ते बहुधा एकच असते. संधी सोडवताना मात्र दिलेल्या एका रूपामागे अनेक जोड्या असू शकतात आणि त्यांतून खरी जोडी निवडावी लागते. तक्ता पाठ असणाऱ्यांचीही चूक होते ती या निवडीत. त्यामुळे हा लेख मुख्यतः विग्रहाबद्दल आहे. त्यातही ‘आ’, जोडाक्षरातले ‘य’ आणि ‘व’, व ‘ओ’ या तीन सांध्यांवर मी अधिक थांबलो आहे, कारण नवशिक्यांच्या बहुतेक चुका मला तिथेच दिसल्या.

जवळ असावे असे साहित्य

१. पाठ्यपुस्तकातला संधीनियमांचा तक्ता. तो पाठ नसला तरी चालेल, पण समोर हवा.
२. शब्दाची व्युत्पत्ती देणारा शब्दकोश. नुसता अर्थ देणाऱ्या कोशाने निम्मेच काम होते.
३. संस्कृतातील २२ उपसर्गांची यादी. ती वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्यावी.
४. कच्च्या कामासाठी वेगळा कागद. पर्याय मनातल्या मनात मांडले, तर पहिला सुचलेलाच खरा वाटू लागतो.

१. आधी प्रश्न कोणत्या भाषेतल्या संधीचा आहे ते पाहा

मराठीच्या वर्कशीटवर बहुतेक शब्द तत्सम असतात, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, आणि त्यांना संस्कृतचेच नियम लागतात. परंतु मराठीचे स्वतःचे संधीही आहेत आणि ते त्या तक्त्यात बसत नाहीत. ‘खिडकी + आत’ याचे संस्कृत नियमाने ‘खिडक्यात’ व्हायला हवे होते, पण मराठीत ‘खिडकीत’ होते. इथे मागचा स्वर टिकतो आणि पुढचा लोपतो, म्हणून याला पूर्वरूप संधी म्हणतात. ‘घर + ई = घरी’ यात उलट घडते, पुढचा स्वर टिकतो, म्हणून तो पररूप संधी.

हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो ‘एक + एक’ या जोडीत. संस्कृत वृद्धिसंधीने तिचे ‘एकैक’ होते आणि मराठी पररूपाने ‘एकेक’. दोन्ही रूपे शुद्ध आहेत. प्रश्नात कोणते रूप छापले आहे त्यावरून संधीचा प्रकार ठरतो, आणि प्रश्न ‘संधी करा’ असा असेल तर वर्कशीटच्या वरच्या सूचनेवरून उत्तर ठरते.

२. सांधा शोधा, पण लगेच तोडू नका

शब्द सावकाश वाचून कुठे जोड असावा याचा अंदाज घ्या. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ हे स्वर, जोडाक्षरातले य, व, र, आणि एकाच वर्गातल्या व्यंजनांचे द्वित्त, ही सांध्याची नेहमीची चिन्हे आहेत. चिन्ह सापडले म्हणजे सांधा सापडलाच असे मात्र नाही. ‘विद्यार्थी’मध्ये द्य हे जोडाक्षर आहे, पण तो य ‘विद्या’ या मूळ शब्दाचाच आहे आणि खरा सांधा त्याला लागलेल्या आकारात आहे.

म्हणून कच्च्या कागदावर आधी फक्त चिन्हाखाली रेघ ओढावी. मग त्या चिन्हामागे कोणकोणत्या जोड्या संभवतात त्या सगळ्या लिहाव्यात. त्यानंतर प्रत्येक जोडीला दोन प्रश्न विचारावेत : दोन्ही तुकडे खरोखर शब्द आहेत का, आणि त्यांच्या अर्थांतून मूळ शब्दाचा अर्थ निघतो का?

३. ‘आ’चा सांधा : एका खुणेमागे चार जोड्या

अ आणि आ यांच्या कोणत्याही जोडीतून आ होतो. त्यामुळे ‘विद्यार्थी’चे चार विग्रह नियमात बसतात : विद्य + अर्थी, विद्य + आर्थी, विद्या + अर्थी, विद्या + आर्थी. नियम इथे काहीच निवडून देत नाही, शब्दसंग्रहच देतो. ‘विद्य’ आणि ‘आर्थी’ हे या अर्थाचे शब्द नाहीत. ‘अर्थी’ म्हणजे इच्छा करणारा. म्हणून विद्या + अर्थी.

चाचणीसाठी तुकड्यांचे अर्थ नीट माहीत असावे लागतात. ‘परमार्थ’मध्ये परम + अर्थ आहे, तर ‘परमात्मा’मध्ये परम + आत्मा. दिसायला सांधा सारखाच आहे, पण एकात पुढचा शब्द अ-ने सुरू होतो आणि दुसऱ्यात आ-ने. घाईत ‘परम + अत्मा’ लिहिणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांनी सांधा बरोबर ओळखलेला असतो, पण ‘अत्मा’ असा शब्द आपण कधी ऐकला आहे का, हे विचारलेले नसते.

इथला सर्वांत फसवा शब्द ‘सदाचार’ आहे. ‘सदा’ माहीत असतो, ‘आचार’ही माहीत असतो, आणि सदा + आचार = सदाचार हे नियमातही बसते. तरी योग्य विग्रह सत् + आचार असा आहे. सदाचार म्हणजे नेहमीचे वागणे नव्हे, चांगले वागणे. इथे आ हा सांधा नाहीच. सत्-मधल्या त् पुढे स्वर आल्याने त्याचा द् झाला आहे, म्हणजे हा व्यंजनसंधी आहे. याउलट ‘सदैव’मध्ये खरोखरच सदा + एव आहे, कारण त्याचा अर्थ ‘नेहमीच’ असा आहे. पहिली अक्षरे तीच असून एक शब्द व्यंजनसंधीचा आणि दुसरा स्वरसंधीचा, हे फक्त अर्थानेच कळते.

४. जोडाक्षरातले ‘य’ आणि ‘व’

इ किंवा ई यांच्यापुढे वेगळ्या जातीचा स्वर आला की य् होतो, आणि उ किंवा ऊ यांच्यापुढे आला की व्. हाच यणादेश. याची एक गोष्ट पुस्तकांत ठळकपणे सांगितलेली मला आढळली नाही, पण ती फार उपयोगी पडते : यणादेशात दुसऱ्या शब्दाचा पहिला स्वर जसाच्या तसा टिकतो. ‘इत्यादी’मध्ये त्य्-नंतर आ आहे, म्हणून दुसरा शब्द आ-नेच सुरू होतो. ‘प्रत्येक’मध्ये ए आहे, म्हणून एक. ‘प्रत्युपकार’मध्ये उ आहे, म्हणून उपकार. एकदा यणादेश नक्की झाला की दीर्घसंधीसारखे चार पर्याय मांडावे लागत नाहीत.

अडचण असते ती हा यणादेशच आहे हे नक्की करण्याची. माझा ‘सत्याग्रह’ इथेच फसला. तो य ‘सत्य’ या शब्दातला मूळचाच होता. संधी सत्य + आग्रह असा होता आणि प्रकार दीर्घ.

यावर उपाय म्हणजे उपसर्गांची ती यादी. य किंवा व असलेल्या अशा शब्दांचा मोठा भाग इकारान्त-उकारान्त उपसर्गांपासून तयार झालेला असतो. त्यामुळे शब्दाची सुरुवात ओळखता आली की काम सोपे होते. ‘अत्य’ दिसले की अति (अत्यंत = अति + अंत), ‘अध्य’ दिसले की अधि (अध्यक्ष = अधि + अक्ष), ‘अभ्य’ दिसले की अभि (अभ्युदय = अभि + उदय), ‘पर्य’ दिसले की परि (पर्यावरण = परि + आवरण), ‘व्य’ दिसले की वि (व्यायाम = वि + आयाम), ‘अन्व’ दिसले की अनु (अन्वेषण = अनु + एषण). सुरुवात यांपैकी नसेल, तर य शब्दाचा स्वतःचा आहे का हे आधी तपासावे. ‘प्रीत्यर्थ’सारखे शब्द उपसर्गाचे नसूनही यणादेशाचेच असतात, पण तिथे ‘प्रीति’ हा शब्द लगेच ओळखू येतो. ‘सति’ तसा ओळखू येत नव्हता, आणि तिथेच मी थांबायला हवे होते.

‘स्वा’ने सुरू होणारे शब्द मात्र यादीलाही दाद देत नाहीत. ‘स्वागत’ म्हणजे सु + आगत, चांगले येणे. ‘स्वार्थ’ म्हणजे स्व + अर्थ, स्वतःचा हेतू. एक यणादेश, दुसरा दीर्घसंधी, आणि अक्षरांवरून फरक कळायला जागाच नाही. इथे प्रश्न एकच विचारावा : शब्दाच्या अर्थात ‘स्वतःचा’ येतो की ‘चांगला’? स्वाभिमान, स्वाधीन, स्वाध्याय यांत स्व आहे. स्वागत, स्वल्प, स्वच्छ यांत सु आहे. ‘स्वच्छ = सु + अच्छ’ हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला पटत नाही, पण संस्कृतात ‘अच्छ’ म्हणजे निर्मळ.

५. ‘ओ’ : स्वराचा की विसर्गाचा?

‘महोत्सव’ आणि ‘मनोरथ’ या दोन्ही शब्दांत ओ आहे. पहिला स्वरसंधी आहे (महा + उत्सव), दुसरा विसर्गसंधी (मनः + रथ). वर्कशीटवर हे दोन बहुधा शेजारीशेजारी दिलेले असतात, आणि ते मुद्दामच दिलेले असतात.

दोघांना वेगळे करायची माझी रीत अशी आहे. ओ नंतर उरलेला तुकडा घ्या. एकदा त्याच्यामागे उ लावून वाचा आणि एकदा तसाच वाचा. ‘चंद्रोदय’मध्ये उरतो ‘दय’. उ लावला की ‘उदय’, हा शब्द आहे, म्हणून स्वरसंधी. ‘मनोरथ’मध्ये उरतो ‘रथ’. ‘उरथ’ असा शब्द नाही, नुसता ‘रथ’ आहे, म्हणून विसर्गसंधी.

पहिल्या तुकड्याची साक्षही काढावी. विसर्गाने ओ देणारे शब्द रोजच्या वापरात थोडेच आहेत : मनः, यशः, तपः, तेजः, रजः, तमः, वयः, पयः, सरः, शिरः, अधः. ओ आधीचा भाग यांपैकी असेल, तर विसर्गाची शक्यता मोठी. तिसरी साक्ष ओ नंतरच्या व्यंजनाची. ओ नंतर व्यंजन असेल, तर विसर्गाचा ओ मृदू व्यंजनापुढेच होतो, म्हणजे प्रत्येक वर्गातले तिसरे, चौथे, पाचवे व्यंजन आणि य, र, ल, व, ह. ओ नंतर त, क, प यांसारखे कठोर व्यंजन असेल, तर तो नियमाने विसर्गाचा असू शकत नाही. म्हणूनच ‘पुरुषोत्तम’ पुरुष + उत्तम असाच सुटतो.

याच नियमाने ‘मनोकामना’ हा सर्वांच्या तोंडचा शब्द अडचणीत येतो. क कठोर असल्याने विसर्ग तसाच राहून ‘मनःकामना’ व्हायला हवे. मराठीत मनोकामना इतकी रुळली आहे की तिला चूक म्हणणे मला जड जाते, पण ‘मनः + कामना’ अशी संधी करायला सांगितली असेल तर उत्तर मनःकामना असेच लिहावे.

उरलेला तुकडा फार लहान असेल, तर वरची रीत गोंधळात टाकते. ‘सरोज’मध्ये नुसता ‘ज’ उरतो आणि ‘पयोद’मध्ये नुसता ‘द’. हे स्वतंत्र शब्द वाटत नाहीत, पण समासाच्या शेवटी ज म्हणजे ‘जन्मलेला’ आणि द म्हणजे ‘देणारा’ असा अर्थ होतो. सरः + ज, तळ्यात जन्मलेले ते कमळ. पयः + द, पाणी देणारा तो मेघ.

आता विसर्ग असूनही जिथे ओ होत नाही अशी एक जागा. मनः + बल = मनोबल, तर त्याच नियमाने पुनः + जन्म याचे ‘पुनोजन्म’ का होत नाही? आधी अ आहे, पुढे मृदू ज आहे, सगळ्या अटी पुऱ्या होतात. कारण असे की मनः मधला विसर्ग मुळात स् आहे (मनस्), आणि पुनः मधला विसर्ग मुळात र् आहे (पुनर्). मृदू वर्णापुढे तो मूळ र् परत दिसू लागतो, म्हणून पुनर्जन्म. अंतः चेही तसेच : अंतर्गत, अंतरात्मा. निः आणि दुः यांच्यातही र् दिसतो (निर्विकार, दुर्जन), पण तिथे विसर्गाआधी अ नसून इ किंवा उ आहे, त्यामुळे नेहमीचा नियमच लागू होतो.

६. तीन शब्दांचा एक गुंता सोडवून पाहू

संस्कृतच्या वर्कशीटवर पुढे पुढे वाक्यातले सलग शब्द येतात. उदाहरणार्थ : बालकोऽप्यागच्छति.

सुरुवात अवग्रहापासून, म्हणजे ऽ या खुणेपासून करावी. ही खूण सांगते की पुढच्या शब्दाचा पहिला अ मागच्या स्वरात बुडाला आहे. म्हणून पुढचा भाग ‘अप्यागच्छति’. मागे ‘बालको’ उरले. ओ नंतर अवग्रह असेल तर दोन शक्यता असतात : मागचा शब्द अः-ने संपतो किंवा तो मुळातच ओकारान्त आहे. बालक हा अकारान्त शब्द, त्याचे ‘बालको’ असे स्वतंत्र रूप नाही, म्हणून बालकः. हेच ‘प्रभोऽत्र’ असते, तर उत्तर ‘प्रभो + अत्र’ आले असते, कारण प्रभो हे प्रभुचे संबोधन आहे. सवयीने ‘प्रभः’ लिहिणारे इथे हमखास चुकतात.

आता अप्यागच्छति. जोडाक्षरात य आहे, म्हणून चौथ्या पायरीचा प्रश्न : य शब्दाचा स्वतःचा की इकाराचा? ‘अप्य’ असा शब्द नाही. ‘अपि’ आहे, अर्थ ‘सुद्धा’. यणादेश ठरला, म्हणजे पुढचा स्वर जसाच्या तसा : आगच्छति. उत्तर : बालकः + अपि + आगच्छति, मुलगासुद्धा येतो.

इथे थांबावे. ‘आगच्छति’ हे पुढे आ + गच्छति असे तोडायचा मोह होतो. आ हा उपसर्ग आहे हे खरे, पण त्याच्या आणि गच्छति-च्या मध्ये कोणताही वर्ण बदललेला नाही, म्हणून तिथे संधी नाही.

शेवटी उत्तर परत जोडून पाहावे. अपि + आगच्छति = अप्यागच्छति, आणि बालकः + अप्यागच्छति = बालकोऽप्यागच्छति. छापलेले रूप अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे.

७. उत्तर लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ

मराठीत आपण ‘कवी’, ‘गिरी’, ‘गुरू’ असे दीर्घ लिहितो, कारण तत्सम इकारान्त-उकारान्त शब्द सुटे लिहिताना दीर्घ लिहावेत असा मराठी लेखनाचा नियम आहे. विग्रहात मात्र पहिले पद मूळ ऱ्हस्व लिहिण्याची पद्धत आहे : कवि + ईश्वर = कवीश्वर, गुरु + उपदेश = गुरूपदेश. जोडलेल्या शब्दातला स्वर दीर्घच हवा. ‘गुरुपदेश’ लिहिले की संधीच झालेली नाही असा अर्थ होतो, आणि गुण तिथेच जातो. अति, इति, प्रति ही अव्यये मराठीतही ऱ्हस्वच राहतात, त्यामुळे त्यांच्याबाबत प्रश्न उद्भवत नाही.

दुसऱ्या पदाबाबत पद्धती वेगवेगळ्या दिसतात. ‘इति + आदि’ की ‘इति + आदी’ हे वर्कशीटवरच्या सोडवून दिलेल्या उदाहरणावरून ठरवावे आणि मग संपूर्ण पानभर तेच पाळावे. निः आणि निर्, दुः आणि दुर् यांचेही तसेच. मराठीच्या पुस्तकांत बहुधा ‘निः + अंतर’ असा विसर्गच दिलेला असतो.

क्वचित असेही होते की दोन उत्तरे खरोखरच बरोबर असतात. ‘वनौषधी’ हा वन + ओषधी असा सुटतो आणि वन + औषधी असाही, कारण अ-पुढे ओ आला काय किंवा औ आला काय, संधी होऊन औ-च होतो. संस्कृतात वनस्पतीला ओषधि म्हणतात, तर मराठीत औषधी हा शब्द चालतो. अशा वेळी मी संस्कृतच्या पानावर पहिला आणि मराठीच्या पानावर दुसरा विग्रह लिहितो, आणि जागा असेल तर दुसरा पर्याय कंसात नोंदवून ठेवतो.